उधारीचा दावा मुदतीत आहे का? तारीख मोजण्यापासून कबुलीपत्रापर्यंत

पैसे येणे आहेत, बिलं आहेत, समोरचा नाकारतही नाही. तरी दावा फेटाळला जातो, कारण तो मुदतीबाहेर गेलेला असतो. हे बहुतेक वेळा तीनच चुकांमुळे होतं. तीन वर्षं भलत्याच तारखेपासून मोजलेली असतात, नोटीस पाठवली म्हणजे मुदत वाढली असं गृहीत धरलेलं असतं, किंवा कर्जकबुली घेतलेली असते पण मुदत संपल्यावर.

हा लेख भारतातल्या मुदत कायद्याबद्दल (१९६३) आहे आणि त्यातही एकाच प्रकाराबद्दल: माल दिला किंवा उसने पैसे दिले, आणि रक्कम वसूल करायची आहे. गहाणाचे दावे (तिथे १२ वर्षं लागू होऊ शकतात), करार प्रत्यक्ष पुरा करून मागण्याचे दावे आणि बँकांच्या खास यंत्रणा यांचे नियम वेगळे आहेत. ते इथे घेतलेले नाहीत.

टप्पा १: मोजण्याआधी कागद तारखेवार लावा

वकिलाकडे जाण्याआधी एक वही किंवा तक्ता करा. प्रत्येक बिल स्वतंत्र ओळीत लिहा. त्यापुढे माल पोचल्याची तारीख, ठरलेली उधारीची मुदत, आलेले पैसे, ते कोणत्या बिलापोटी आले आणि समोरच्याची सही असलेला कोणताही कागद, असे रकाने ठेवा.

माल पोचल्याची तारीख बिलावरून घेऊ नका. बिल आणि माल यांच्या तारखा बऱ्याचदा वेगळ्या असतात. डिलिव्हरी चलनावर सही-शिक्का असेल तर ती तारीख घ्या, नाहीतर वाहतूकदाराची पोच पाहा.

खात्याच्या उताऱ्यावर शेवटी दिसणारी एकच ‘एकूण बाकी’ घेऊन मुदत मोजू नका. साध्या विक्रेता-ग्राहक खात्यात प्रत्येक बिलाचं घड्याळ वेगळं चालतं. ‘आमचं चालू खातं आहे, शेवटच्या नोंदीपासून मोजा’ हा युक्तिवाद नेहमी होतो, पण त्यासाठी खातं परस्पर असावं लागतं. दोन्ही बाजूंनी स्वतंत्र व्यवहार हवेत आणि प्रत्येकाचं दुसऱ्याकडे काही येणं निघू शकेल अशी स्थिती हवी. एकाने माल द्यायचा आणि दुसऱ्याने अधूनमधून पैसे भरायचे, एवढ्याने खातं परस्पर होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५९ मध्येच स्पष्ट केलं आहे.

टप्पा २: घड्याळ कधी सुरू झालं ते ठरवा

करारावरच्या बहुतेक पैशांच्या दाव्यांना तीन वर्षं मिळतात. ती कुठून मोजायची यावरच सगळं अवलंबून असतं.

माल दिला आणि उधारीची मुदत ठरलीच नव्हती, तर माल दिल्याच्या तारखेपासून. उधारीचे ठराविक दिवस ठरले होते, तर ते दिवस संपल्यापासून. काम करून दिलं आणि मोबदल्याची तारीख ठरली नव्हती, तर काम पूर्ण झाल्यापासून. करारभंगाची नुकसानभरपाई मागायची असेल, तर करार मोडला त्या दिवसापासून; नुकसान नंतर लक्षात आलं म्हणून तारीख सहसा पुढे जात नाही.

उसन्या पैशांत सर्वांत जास्त घोळ होतो. ‘मागशील तेव्हा देईन’ असं ठरलं असेल तर लोक पहिल्या मागणीपासून मोजतात. कायदा मात्र पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजतो. मागणी केलीच नाही आणि तीन वर्षं गेली, तर दावा गेला. परतफेडीची तारीख ठरवून लिहून घेतली असेल तर त्या तारखेपासून मोजता येतं, म्हणून उसने देतानाच ती तारीख लिहून घ्यावी. ठेव म्हणून ठेवायला दिलेली आणि मागताच परत करायची रक्कम याला अपवाद आहे: तिथे मागणीपासून मोजतात. पण मित्राला दिलेल्या पैशांना नंतर ‘ठेव’ म्हटल्याने ती ठेव होत नाही.

*तपासणी:* बिलावर तुम्ही स्वतः छापलेलं ‘४५ दिवस’ समोरच्याने मान्य केलं होतं का? खरेदी आदेशात, करारात किंवा पत्रात त्याचा आधार नसेल, तर सुरक्षितपणे माल दिल्याच्या तारखेपासून मोजा. अशा वेळी ४५ दिवस हातचे समजू नयेत.

टप्पा ३: शेवटचा दिवस काढा

ज्या दिवसापासून मुदत सुरू होते तो दिवस सोडून द्यायचा असतो. म्हणजे २४ एप्रिल २०२२ ला उधारीची मुदत संपली, तर दाव्याचा शेवटचा दिवस २४ एप्रिल २०२५. कागदावर तिथी लिहिली असली तरी कायद्यात इंग्रजी कॅलेंडरच धरलं जातं.

शेवटच्या दिवशी न्यायालय बंद असेल तर ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. ही सवलत फक्त दाखल करण्यापुरती आहे. मुदत स्वतः वाढत नाही, म्हणून त्या जादा दिवशी घेतलेली कर्जकबुली मुदतीत घेतलेली ठरत नाही.

सावधान: ‘उशीर माफ करून घेऊ’ हा विचार सोडा. विलंब माफीची तरतूद अपिलांना आणि अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही. आजारपण, प्रवास, कागद हरवणं, तडजोडीची बोलणी यांपैकी कशानेही दाव्याची मुदत वाढत नाही. आणि समोरच्याने हरकत घेतली नाही तरी मुदतबाह्य दावा फेटाळणं न्यायालयावर बंधनकारक आहे.

काही काळ मात्र कायद्यानेच वगळला जातो. प्रतिवादी भारताबाहेर होता तो काळ, चुकीच्या न्यायालयात सद्हेतूने आणि नीट लक्ष घालून चालवलेल्या दाव्याचा काळ, आणि सरकारवर दावा करण्याआधी द्यावी लागणारी दोन महिन्यांची नोटीस यांचा त्यात समावेश होतो. जुन्या येण्यांसाठी आणखी एक गोष्ट पाहा: सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मोजणीतून वगळलेला आहे.

तुम्ही पाठवलेली साधी वसुलीची नोटीस या यादीत नाही. एक पाठवा किंवा दहा, घड्याळ चालूच राहतं. नोटिशीला समोरच्याने सही करून दिलेलं उत्तर मात्र सोन्यासारखं असू शकतं. का, ते पुढच्या टप्प्यात.

टप्पा ४: लेखी कर्जकबुली, मुदत संपण्याआधी

मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, देणेकऱ्याने मुदत संपण्याआधी लेखी आणि सही करून देणं मान्य केलं, तर सहीच्या दिवसापासून पूर्ण तीन वर्षं नव्याने सुरू होतात. आधीची उरलेली मुदत त्यात मिळवली जात नाही. जुनं घड्याळ संपतं आणि नवं लागतं.

यासाठी चार गोष्टी लागतात: लेखी मजकूर, देणेकऱ्याची किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाची सही, देणं आजही आहे असा मजकुरातून निघणारा अर्थ, आणि मुदतीच्या आतली तारीख.

तिसऱ्या मुद्द्यावर लोक उगाच घाबरतात. पैसे देण्याचं वचन कबुलीत नसलं तरी चालतं. ‘बाकी आहे, पण आत्ता देणार नाही’ हीसुद्धा कबुली आहे. ‘देण्याची वेळ अजून आलेली नाही’, ‘माझं तुमच्याकडे येणं आहे, ते वळतं करा’ अशा वाक्यांनीही कबुली मोडत नाही. रक्कम नेमकी लिहिलेली नसली किंवा पत्र तुम्हाला न लिहिता तिसऱ्याच कोणाला लिहिलेलं असलं, तरी चालू शकतं. कंपनीच्या ताळेबंदातली नोंददेखील कबुली ठरू शकते असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं. पण त्या नोंदीखालच्या टिपा आणि लेखापरीक्षकाचा अहवाल काय म्हणतो, हे सोबत वाचावं लागतं.

उलट ‘तुमचा हिशोब पाठवा, तपासून बघतो’ एवढ्यावर भिस्त ठेवू नका. त्यात देणं आहे असं कुठेच म्हटलेलं नाही. ‘पूर्वी बाकी होती’ हेही धोक्याचं, कारण आज आहे की नाही ते त्यातून कळत नाही.

मजकूर असा साधा ठेवा:

> दिनांक ___ रोजी आपल्या बिल क्रमांक ___, दिनांक ___ पोटी माझ्याकडून आपणास रुपये ___ (अक्षरी ___) येणे बाकी आहे, हे मला मान्य आहे.
> सही, पूर्ण नाव, हुद्दा, शिक्का, तारीख

एका कागदावर अनेक बिलांची बाकी घेत असाल तर प्रत्येक बिलाचा क्रमांक लिहा. त्यातलं एखादं बिल आधीच मुदतबाह्य झालेलं असेल तर या कागदाने ते जिवंत होत नाही, आणि बाकी कोणत्या बिलाची हा वाद नंतर तुमच्याच अंगावर येतो.

*सहीची तपासणी:* हिशोबनिसाने बाकीपत्रावर सही केली असेल तर त्याला तसा अधिकार होता हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. मालकाची, भागीदाराची किंवा संचालकाची सही मागा. दोघांनी मिळून कर्ज घेतलं असेल आणि एकानेच सही केली, तर केवळ त्या सहीने दुसरा बांधला जात नाही, म्हणून दोघांच्या घ्या. जामीनदार असेल तर त्याची वेगळी घ्या.

*तारखेची तपासणी:* तारीख नसलेली कबुली अगदीच निरुपयोगी नसते. सही कधी झाली यावर तोंडी पुरावा देता येतो. मात्र कागदात काय लिहिलं होतं यावर, कागद नसताना, तोंडी पुरावा देऊन भागत नाही. फोनवरचं ‘हो, देतो’ म्हणूनच कामाचं नाही.

ईमेलवरची कबुली चालू शकते, पण ती पाठवणाऱ्याचीच आहे हे सिद्ध करावं लागतं आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. मोबाइलवरचे मेसेज जपून ठेवा, पण त्यांच्यावर विसंबू नका. सहीचा प्रश्न तिथे वादाचा होतो. कागदावर किती मुद्रांक लागेल ते आधी विचारून घ्या. मजकुरात पैसे देण्याचं वचन आलं की कागदाचं स्वरूप बदलू शकतं आणि मुद्रांकही.

तडजोडीच्या पत्रांबाबतही एक इशारा. पत्रावर ‘विदाउट प्रेज्युडिस’, म्हणजे आपल्या हक्कांना बाधा न येता, असं लिहिलेलं असेल तर ते पुराव्यात येण्यालाच हरकत घेतली जाते. कबुलीसाठी वेगळा, स्वच्छ कागद घ्या.

टप्पा ५: अंशतः भरणा आला तर

मुदतीत आलेल्या थोड्या रकमेनेही त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात (कलम १९). अट एकच, आणि नेमकी तीच राहून जाते: भरणा झाल्याची नोंद पैसे देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीने हवी. तुमच्या खातेवहीत तुम्ही केलेली नोंद पुरेशी नाही. रोख घेऊन तुम्ही दिलेली पावती तुमच्या सहीची असते, त्याच्या नाही.

म्हणून ऑनलाइन पैसे आले की त्याच दिवशी त्याच्याकडून दोन ओळी सहीनिशी घ्या: ‘बिल क्रमांक अमुकपोटी रुपये इतके आज भरले, बाकी इतकी.’ हा कागद भरण्याचीही नोंद असतो आणि कबुलीही. रोख घेताना पावतीच्या स्थळप्रतीवर त्याची सही घ्या. भरणा कशापोटी हेही लिहून घ्या. ग्राहकाने काही सांगितलं नाही तर तुम्ही तो कोणत्याही देय बिलाला, अगदी मुदतबाह्य बिलालाही, लावू शकता. पण त्यामुळे त्या मुदतबाह्य बिलाची उरलेली बाकी दाव्यायोग्य होत नाही.

टप्पा ६: एक उदाहरण तारखांसह

समजा, ४,८०,००० रुपयांचा माल १० मार्च २०२२ ला पोचला. खरेदी आदेशात ४५ दिवसांची उधारी मान्य होती. ती २४ एप्रिल २०२२ ला संपली, म्हणून दाव्याचा पहिला शेवटचा दिवस २४ एप्रिल २०२५.

१८ जानेवारी २०२४ ला ग्राहकाने १,००,००० रुपये पाठवले आणि सोबत सही केलेलं पत्र दिलं की ही रक्कम या बिलापोटी आहे. मुदत चालू होती, नोंद सहीची होती. नवा शेवटचा दिवस १८ जानेवारी २०२७.

६ फेब्रुवारी २०२५ ला त्याने बाकीपत्रावर लिहिलं, ‘३,८०,००० बाकी मान्य, पण काही माल सदोष आहे, तो हिशोब झाल्याशिवाय देणार नाही.’ नकार असूनही ही कबुली आहे. आता शेवटचा दिवस ६ फेब्रुवारी २०२८. तो रविवार आहे, म्हणजे सोमवारी दावा दाखल करता येईल; पण नवी कबुली घ्यायची झाली तर ती ६ तारखेपर्यंतच.

आता यात दोन बदल करून पाहा. जानेवारी २०२४ चे पैसे आले, पण सहीचं पत्र घेतलं नाही. आणि बाकीपत्रावर सही फेब्रुवारीऐवजी ६ मे २०२५ ला झाली. तर पहिली मुदत २४ एप्रिल २०२५ ला संपलेली होती आणि मे महिन्यातली सही बारा दिवसांनी उशिरा आली. कागद तोच, शब्द तेच, तरी कलम १८ चा उपयोग शून्य. जानेवारीत दोन ओळींचं पत्र घेतलं असतं, तर हीच मे महिन्यातली सही पूर्ण चालली असती. प्रत्येक नवी कबुली आधीच्या मुदतीच्या आत पडली पाहिजे. एक दुवा सुटला की पुढचे सगळे निकामी होतात.

टप्पा ७: दावा दाखल करताना

व्यापारी वाद असेल आणि रक्कम ३ लाख किंवा जास्त असेल, तर तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसल्यास दाव्याआधी मध्यस्थीचा अर्ज सक्तीचा आहे. तो न करता टाकलेला दावा फेटाळला जातो. वरच्या उदाहरणातले ३,८०,००० याच कक्षेत येऊ शकतात. अर्ज विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा असतो. मध्यस्थीला तीन महिने आणि दोघांच्या संमतीने आणखी दोन महिने लागू शकतात. हा काळ मुदतीतून वगळला जातो, पण अर्ज करण्याच्या दिवशी दावा मुदतीत हवा. निदान दोन-तीन महिने हातात ठेवून अर्ज करा आणि पोच सांभाळा. समोरचा आला नाही तर तसा अहवाल मिळतो. तो वादपत्राला जोडा.

वादपत्रात दाव्याचं कारण कधी घडलं हे लिहावंच लागतं. मूळ तीन वर्षं उलटलेली असतील तर कोणत्या कबुलीमुळे किंवा भरण्यामुळे दावा मुदतीत आहे, हेही वादपत्रातच मांडावं लागतं. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ७ नियम ६ तसं सांगतो. ‘दावा मुदतीत आहे’ हे एक वाक्य टाकून पुढे जाणं ही वकिलांकडूनही होणारी चूक आहे. साखळीतली प्रत्येक तारीख, कागदाचं वर्णन, सही कोणाची, असं क्रमाने लिहून मूळ प्रती यादीत जोडा. वादपत्र वाचूनच मुदत संपल्याचं दिसलं, तर ते पुरावा होण्याआधीच नाकारलं जाऊ शकतं.

करारात लवाद ठरला असेल तर घड्याळ दावा दाखल केल्याने थांबत नाही. लवाद मागणारी तुमची नोटीस समोरच्याला मिळाली, त्या दिवशी लवाद सुरू झाला असं धरतात. नोटीस लिहिल्याचा किंवा टपालात टाकल्याचा दिवस नाही. म्हणून पोचीची तारीख जपा.

टप्पा ८: मुदत गेलीच असेल तर

कर्ज मुदतबाह्य झालं की दाव्याचा मार्ग बंद होतो, देणं मात्र पुसलं जात नाही. समोरच्याने आपणहून पैसे दिले तर ते तुमचे. मुदत संपली होती म्हणून त्याला ते परत मागता येत नाहीत. तुमच्याकडे त्याचं तारण कायदेशीरपणे असेल, तर त्यातून वसुलीचा हक्कही आपोआप जात नाही.

शिवाय करार कायद्याचं कलम २५(३) आहे. मुदतबाह्य कर्ज पूर्ण किंवा अंशतः देण्याचं लेखी, सहीचं वचन हा नवा करार मानला जातो आणि त्यावर दावा चालतो. इथे मजकुराची कसोटी कडक आहे. ‘बाकी मान्य आहे’ यावर मुदतीत असताना काम झालं असतं, आता नाही. आता ‘ही रक्कम मी अमुक तारखेपर्यंत देईन’ असं स्पष्ट वचन हवं. वचन दोन लाखांचंच असेल तर दावाही दोन लाखांचाच.

तुम्ही देणेकरी असाल तर हेच उलट वाचा. जुन्या बिलांचं बाकीपत्र सहीसाठी आलं, तर प्रत्येक बिलाची तारीख पाहा, ज्याची मुदत संपली आहे ते वेगळं काढा, आणि ‘देईन’ हा शब्द आपल्या सहीखाली येतो आहे का ते तपासून मगच पेन उचला.